साथीचा तपास कसा होतो? रुग्णाची व्याख्या, साथीचा आलेख आणि कारणाचा माग

जानेवारी २०२५. पुण्यात गिया-बारे सिंड्रोम म्हणजे ‘जीबीएस’ या दुर्मीळ आजाराचे २४ संशयित रुग्ण असल्याचे समोर आले आणि राज्याच्या आरोग्य विभागाने शीघ्र प्रतिसाद पथक नेमले. दुसऱ्याच दिवशी, २२ जानेवारीला, आकडा ५९ वर गेला. महिनाअखेर तो शंभराच्या पुढे होता. बातम्यांतून एकच अर्थ निघत होता, तो म्हणजे साथ झपाट्याने पसरते आहे.

पण एका रात्रीत खरोखर ३५ माणसे नव्याने आजारी पडली होती का? बहुधा नाही. त्यातले अनेक जण आधीच वेगवेगळ्या रुग्णालयांत दाखल होते. पथकाने विचारायला सुरुवात केली, म्हणून ते यादीत आले. आकडा वाढणे आणि आजार वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या करून दाखवणे हे साथीच्या तपास अहवालाचे पहिले काम असते.

असा अहवाल सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला कधी ना कधी लिहावा लागतो. पुण्यासारख्या महानगरात तो लिहायला मोठमोठ्या संस्थांची पथके येतात. वैजापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात जुलाब-उलट्यांची साथ आली, तर तो प्रशिक्षणासाठी आलेल्या तरुण डॉक्टरला आरोग्यसेविका आणि आशाताईंच्या मदतीने लिहावा लागतो. पद्धत दोन्हीकडे एकच असते. रुग्ण कोणाला म्हणायचे, ते कधी आजारी पडले आणि त्यावरून संशय कुठे जातो, या तीन प्रश्नांवर ती उभी आहे. पुण्याच्या उदाहरणावरून हे तीन प्रश्न समजून घेऊ.

मुळात ही साथ आहे का?

जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. बहुतेक वेळा आधी जुलाब किंवा श्वसनाचा संसर्ग होऊन गेलेला असतो. मग पायांत मुंग्या येतात, पाय लुळे पडू लागतात आणि हा अशक्तपणा वर चढत हातांपर्यंत, काहींच्या बाबतीत श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो.

हा आजार एरवीही तुरळक आढळतो. जगभरात त्याचे प्रमाण वर्षाला लाखामागे साधारण एक ते दोन असे मानले जाते. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि लगतच्या भागाची लोकसंख्या ढोबळमानाने ७० लाख धरली, तर वर्षाला ७० ते १४० म्हणजे महिन्याला ६ ते १२ रुग्ण कोणतीही साथ नसतानाही अपेक्षित आहेत. ते अनेक रुग्णालयांत विखुरलेले असल्याने कोणाच्या नजरेत भरत नाहीत.

साथ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रुग्ण. म्हणून ‘नेहमी किती’ हे आधी शोधावे लागते. पुण्यात काही दिवसांतच अपेक्षेच्या कितीतरी पट रुग्ण सापडले आणि त्यातले बरेचसे सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातले होते. शहरभर विखुरलेले दहा रुग्ण आणि एकाच रस्त्यावरचे दहा रुग्ण यांचा अर्थ सारखा नसतो.

रुग्णाची व्याख्या कशासाठी?

तापाने थकलेला माणूस ‘पायांत जीव नाही’ म्हणतो. पोटॅशियम कमी झाले तरी पाय लुळे पडतात. मग यादीत कोणाला घ्यायचे? प्रत्येक डॉक्टरने आपापल्या अंदाजाने ठरवले, तर एका रुग्णालयाचे १० आणि दुसऱ्याचे १० मिळून २० होत नाहीत. म्हणून तपास सुरू करताना रुग्णाची व्याख्या लिहून काढतात. तिचे चार भाग असतात: लक्षणे, काळ, ठिकाण आणि व्यक्ती.

जीबीएससाठी ती साधारण अशी लिहिता येईल: ‘१ जानेवारी २०२५ पासून पुढे, पुणे जिल्ह्यात राहणारी किंवा आजारापूर्वीच्या चार आठवड्यांत तिथे राहून गेलेली, कोणत्याही वयाची अशी व्यक्ती, जिच्या दोन्ही बाजूंच्या हातापायांत अचानक अशक्तपणा सुरू झाला.’ ही झाली संशयित रुग्णाची व्याख्या. ती मुद्दाम सैल ठेवलेली असते, कारण सुरुवातीला खरा रुग्ण निसटण्यापेक्षा एखादा चुकीचा यादीत आलेला परवडतो.

निश्चित रुग्णाची व्याख्या त्याहून घट्ट असते. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडत नाही किंवा अगदी कमी उडतो. नर्व्ह कंडक्शन चाचणीत नसांमधून संदेश नीट जात नसल्याचे दिसते. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात प्रथिने वाढलेली असतात, पण पेशी वाढलेल्या नसतात. यातले किती पुरावे मिळाले, त्यानुसार निदानाची खात्री किती हे ठरवण्यासाठी ‘ब्रायटन निकष’ वापरतात. म्हणूनच पुण्याचे आकडे दोन भागांत जाहीर होत होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला १६३ संशयित आणि त्यापैकी १२७ निदान निश्चित झालेले, अशी नोंद होती. बातमी वाचताना यातला कोणता आकडा सांगितला जातो आहे, हे पाहायला हवे.

व्याख्या लिहिताना नवशिक्यांच्या हातून एक चूक हमखास होते. ज्या कारणाचा संशय आहे, तेच ते व्याख्येत घालतात. ‘अमुक विहिरीचे पाणी प्यायल्यानंतर ज्याला अशक्तपणा आला तो रुग्ण’ अशी व्याख्या केली, तर यादीतला प्रत्येक जण त्या विहिरीचे पाणी प्यायलेलाच निघणार. त्यातून विहीर दोषी असल्याचे सिद्ध होत नाही. आपण बाकीच्यांना दारातूनच परत पाठवले, एवढेच सिद्ध होते. व्याख्येत आजार असावा, संशय नसावा.

व्याख्या ठरली की प्रत्येक रुग्णाची एक ओळ याप्रमाणे यादी होते. तिला लाइन लिस्ट म्हणतात. वय, लिंग, पत्ता, जुलाब कधी झाले, अशक्तपणा कधी सुरू झाला, कधी दाखल केले, पाणी कुठले, नमुने कोणते घेतले, असे रकाने त्यात असतात. पुढचे सारे या यादीवर अवलंबून असते. त्यातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जास्त वेळा रिकामा राहणारा रकाना म्हणजे लक्षणे सुरू झाल्याची तारीख. केसपेपरवर दाखल केल्याची तारीख असते. लक्षणांची तारीख मात्र माणसाला विचारावी लागते. तीही ‘कधीपासून?’ असे विचारून चालत नाही. ‘संक्रांतीच्या आधी की नंतर? त्या दिवशी कामावर गेला होता का?’ असे विचारले की आठवते.

आलेख काय सांगतो?

साथीचा आलेख हा साधा स्तंभालेख असतो. आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर त्या दिवशी आजारी पडलेल्यांची संख्या. अट एकच, की दिवस लक्षणे सुरू झाल्याचा हवा, नोंद झाल्याचा नको. नोंदीच्या तारखेने आलेख काढला, तर पुण्यात २२ जानेवारीला उंच सुळका दिसेल आणि तो आजाराचा नसून पथकाच्या कामाचा आलेख असेल. तेच रुग्ण लक्षणांच्या तारखेवर मांडले, की सुळका मोडून मागच्या अनेक दिवसांत विखुरला जातो.

आलेखाच्या आकारावरून बरेच कळते. सर्वांनी एकाच वेळी दूषित अन्न खाल्ले असेल, तर स्तंभ झपकन चढतात आणि तितक्याच लवकर उतरतात. पाण्याचा स्रोत रोज दूषित राहिला, तर आलेख वर जाऊन पठारासारखा लांबतो. एकाकडून दुसऱ्याला लागण होत असेल, तर लाटांमागून लाटा येतात आणि दोन लाटांतले अंतर अधिशयन काळाएवढे असते. अधिशयन काळ म्हणजे जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ.

आलेखाचे शेवटचे काही स्तंभ नेहमी बुटके दिसतात. साथ ओसरली म्हणूनच असे होते असे नाही. काल-परवा आजारी पडलेले लोक अजून रुग्णालयात पोहोचलेलेच नसतात. हे न ओळखता ‘साथ आटोक्यात’ असे जाहीर केले, की चार दिवसांनी तोंडघशी पडायची वेळ येते.

मागे मोजत जायचे ते कसे?

आलेखाचा खरा उपयोग मागे मोजण्यासाठी होतो. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू आढळला, तर काहींत नोरोव्हायरस. यातल्या कॅम्पिलोबॅक्टरचे जीबीएसशी असलेले नाते जगभर चांगले ठाऊक आहे. हा जिवाणू पोटात गेल्यावर साधारण २ ते ५ दिवसांत जुलाब होतात आणि जुलाबांनंतर बहुधा एक ते तीन आठवड्यांनी अशक्तपणा सुरू होतो. म्हणजे जिवाणू पोटात जाणे आणि पाय लुळे पडणे यांत कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त २६ दिवसांचे अंतर धरावे लागते.

पुण्यातला पहिला संशयित रुग्ण ९ जानेवारीचा मानला गेला. त्या तारखेपासून २६ आणि ९ दिवस मागे गेलो, तर त्याच्या पोटात जिवाणू १४ ते ३१ डिसेंबर या काळात केव्हातरी गेला असावा. आता समजा, दुसऱ्या एका रुग्णाचा अशक्तपणा २५ जानेवारीला सुरू झाला. त्याच्यासाठी हा काळ ३० डिसेंबर ते १६ जानेवारी असा येतो. दोघांना सामाईक दिवस उरतात दोनच, ३० आणि ३१ डिसेंबर. मग दोनच शक्यता राहतात. एक तर त्या दोन दिवसांत काही विशेष घडले, नाही तर स्रोत बरेच दिवस दूषित राहिला. दोनच रुग्णांवरून निवाडा करता येत नाही. पण शंभर रुग्णांचे असे काळ एकाखाली एक मांडले, की त्यांचा दाट पट्टा कुठे आहे ते दिसू लागते.

या हिशेबातून दोन महत्त्वाचे निष्कर्ष निघतात. पहिला असा, की जानेवारीच्या अखेरीस तपासलेले पाणी हे डिसेंबरच्या अखेरीस प्यायलेले पाणी नव्हे. साथीची बातमी झाली की क्लोरिनचा मारा वाढतो. त्यानंतर घेतलेला नमुना स्वच्छ निघाला, म्हणून ते पाणी आधीही स्वच्छ होते असे म्हणता येत नाही. शौचाच्या नमुन्याचेही तसेच आहे. अशक्तपणा येईपर्यंत जिवाणू आतड्यांतून निघून गेलेला असू शकतो.

दुसरा निष्कर्ष असा, की आज पाणी पूर्ण सुरक्षित केले, तरी पुढचे तीन आठवडे, कधी त्याहूनही थोडे जास्त, नवे रुग्ण येत राहणार. ते उपाय फसल्याचे लक्षण नाही. ज्यांच्या पोटात जिवाणू आधीच गेला आहे, त्यांची ती पाळी असते. हे आधी सांगून ठेवले नाही, तर लोकांचा उपायांवरचा विश्वास उडतो.

संशय कुणावर घ्यायचा?

‘कारण अमुक असावे’ या तपासता येईल अशा अंदाजाला गृहीतक म्हणतात. ते हवेतून येत नाही. आजाराची आधीपासून ठाऊक असलेली कारणे, आलेख, नकाशा आणि रुग्णांच्या तोंडची माहिती यांतून ते घडते.

पुण्याच्या नकाशावर नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी आणि खडकवासला या भागांत रुग्णांची दाटी दिसत होती. यातली काही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. नांदेड गावातल्या विहिरीचे पाणी परिसराला पुरवले जात होते. त्यात क्लोरिन टाकले जाई, पण शुद्धीकरण प्रकल्पातून ते जात नव्हते. त्यामुळे पाण्याचे गृहीतक पुढे आले. त्याच वेळी कच्चे राहिलेले चिकन, पनीर, बाहेरचे खाणे यांचीही चर्चा झाली. कॅम्पिलोबॅक्टर कोंबड्यांच्या आतड्यांत सहज आढळतो, तेव्हा ती शंकाही निराधार नव्हती.

अशा वेळी ‘मला काय वाटते’ याला किंमत नसते. प्रत्येक गृहीतक खरे असेल तर काय दिसायला हवे, हे आधी लिहायचे आणि मग पाहायचे. पाणी दोषी असेल, तर शाकाहारी घरांतही रुग्ण सापडायला हवेत, लहान मुले आणि वृद्धही असायला हवेत आणि एका जलवाहिनीवरच्या वस्त्यांत रुग्ण जास्त, शेजारच्या दुसऱ्या वाहिनीवर कमी असायला हवेत. चिकन दोषी असेल, तर कधीच मांसाहार न करणाऱ्यांत रुग्ण जवळजवळ नसावेत आणि रुग्णांचा पसारा जलवाहिनीपेक्षा बाजाराच्या मागे जाणारा असावा. नोंदींत पुण्याचे रुग्ण चिमुरड्यांपासून वृद्धांपर्यंत सर्व वयांचे होते. पाण्याच्या गृहीतकाशी हे जुळते. पण एकट्या वयावरून निकाल लागत नाही, कारण चिकनही सर्व वयांचे लोक खातात.

इथे चौकटीत न बसणारा रुग्ण फार कामाचा असतो. दुसऱ्या भागात राहणारा, पण तोच आजार झालेला माणूस सापडला, की पथक त्याच्याकडे आधी जाते. तो त्या पट्ट्यात कामाला येत होता का? पाहुणा म्हणून एकच दिवस आला होता का? आणि त्या दिवशी त्याने काय खाल्ले-प्यायले? एकाच दिवसाचा संबंध असलेला माणूस नेमकी तारीख आणि नेमका पदार्थ सांगू शकतो. रोज तिथेच राहणाऱ्याला हे शक्य नसते.

आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झालेल्या साधारण हजारात एकाला जीबीएस होतो, असा अंदाज आहे. म्हणजे जीबीएसच्या रुग्णांमागे नुसते जुलाब होऊन बरे झालेले कितीतरी जास्त लोक असणार. ते रुग्णालयात येत नाहीत. म्हणून घरोघरी जाऊन ‘गेल्या महिन्यात घरात कुणाला जुलाब झाले का?’ हे विचारावे लागते. त्या उत्तरांतून स्रोताचा माग जास्त स्पष्ट लागतो.

पाणी आणि जीबीएस यांची अशी सांगड जगात आधीही दिसली आहे. २०११ च्या मे ते जुलैमध्ये मेक्सिकोतील सोनोरा आणि त्याला लागून असलेल्या अमेरिकेतील ॲरिझोनात जीबीएसचे २६ रुग्ण सापडले. तिथेही आधी जुलाब झालेले होते, कॅम्पिलोबॅक्टरचा पुरावा मिळाला आणि पुरेसे निर्जंतुक न केलेल्या पाण्यावर संशय गेला.

गृहीतक तपासायचे कसे?

रुग्णांनाच विचारून गृहीतक तपासता येत नाही. ‘४० पैकी ३८ रुग्णांनी प्रसादाची खीर खाल्ली होती’ हे ऐकायला भक्कम वाटते. पण गावात खीर सगळ्यांनीच खाल्ली असेल, तर त्या वाक्याला काहीच अर्थ राहत नाही. जे आजारी पडले नाहीत, त्यांनाही तेच प्रश्न विचारावे लागतात.

याचे जगभर शिकवले जाणारे उदाहरण अमेरिकेतील ऑस्विगो काउंटीचे आहे. १८ एप्रिल १९४० रोजी तिथल्या एका चर्चमध्ये सामूहिक जेवण झाले. रात्रीपासून लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. तपास पथकाला जेवलेल्यांपैकी ७५ जण भेटले. त्यातले ४६ आजारी होते. पथकाने प्रत्येक पदार्थासाठी दोन गट केले, खाल्लेले आणि न खाल्लेले. दोन पदार्थांचा हिशेब असा आला:

| पदार्थ | खाल्लेल्यांपैकी आजारी | न खाल्लेल्यांपैकी आजारी |
|---|---|---|
| हॅम | ४६ पैकी २९ (६३ टक्के) | २९ पैकी १७ (५९ टक्के) |
| व्हॅनिला आइस्क्रीम | ५४ पैकी ४३ (८० टक्के) | २१ पैकी ३ (१४ टक्के) |

हॅम खाल्ले काय आणि न खाल्ले काय, आजाराचे प्रमाण जवळपास सारखेच. आइस्क्रीमचे तसे नाही. ते खाणाऱ्यांत आजाराचे प्रमाण न खाणाऱ्यांच्या साडेपाच पटींहून जास्त होते. शिवाय आइस्क्रीमचे मिश्रण रात्रभर चर्चच्या तळघरात ठेवलेले होते. जेवणानंतर ३ ते ७ तासांत लक्षणे दिसली, हेही स्टॅफिलोकॉकस जिवाणूच्या विषाशी जुळत होते.

या यादीतला एक रुग्ण जेवणाच्या आधीच, दुपारी तीन वाजता आजारी पडला होता. वरवर पाहता त्याने सारा सिद्धांत मोडला. विचारल्यावर कळले, की त्याने सकाळी अकरालाच आइस्क्रीम खाल्ले होते. चौकटीबाहेरच्या त्या एका माणसाने गृहीतक उलट पक्के केले.

आणि आइस्क्रीम न खाताही आजारी पडलेले तिघे? कुणी खाल्लेले विसरले असेल, कुणाच्या ताटात चमच्याने लागले असेल, कुणाचे पोट दुसऱ्याच कारणाने बिघडले असेल. खऱ्या तपासात असे काही जण उरतातच. अहवालात ते लपवायचे नसतात. सगळे आकडे अगदी शंभर टक्के जुळले, तर उलट अहवालच पुन्हा तपासावा.

वैजापूरच्या गावात हेच कसे करायचे?

समजा, वैजापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात सप्ताहाच्या समाप्तीनंतर दोन दिवसांनी जुलाबाचे रुग्ण वाढले. लोक म्हणतात, महाप्रसादातून झाले. सरपंच म्हणतात, पाइपलाइन फुटली होती. आता कोणाचे खरे?

बातमी आशाताई आणि आरोग्यसेविकेकडून येते. एकात्मिक रोग सर्वेक्षणात आरोग्यसेविका लक्षणांवरून ‘एस’ नमुन्यात, डॉक्टर निदानाच्या अंदाजाने ‘पी’ नमुन्यात आणि प्रयोगशाळा ‘एल’ नमुन्यात नोंद करते. तीन ठिकाणी तीन आकडे दिसले तर गोंधळू नये. त्या एकाच साथीच्या वेगवेगळ्या पातळीवरच्या नोंदी आहेत.

गावात गेल्यावर आधी व्याख्या: ‘अमुक तारखेपासून या गावात राहणाऱ्या किंवा राहून गेलेल्या ज्या व्यक्तीला २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच झाले.’ मग घरोघर फिरून यादी. काही रुग्णांचे नमुने प्रतिजैविक सुरू करण्याआधी घ्यावे लागतात आणि ते कॅरी-ब्लेअर माध्यमात पाठवावे लागतात. हा क्रम चुकला, तर प्रयोगशाळेत काही उगवत नाही आणि ‘जंतू सापडला नाही’ एवढेच हाती येते. उरलेला प्रसाद असेल तर तोही जपायचा. दुसऱ्या दिवशी पातेली घासून झालेली असतात.

नळाच्या पाण्याची ओटी चाचणी जागेवरच होते. पाण्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरिन असेल तर पिवळा रंग येतो. ती टाकीजवळ करून उपयोग नाही. वाहिनीच्या टोकाच्या घरात, जिथे पाणी सर्वांत शेवटी पोहोचते, तिथे करायची. ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवे. टाकीवर पिवळे आणि टोकाला रंगहीन आले, तर वाटेत काहीतरी मिसळते आहे, असा संशय बळावतो.

मग आलेख. समाप्तीच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी उंच स्तंभ उभे राहून तिसऱ्या दिवशी आलेख खाली आला असेल, तर प्रसादाकडे बोट जाते. रुग्ण सप्ताहाच्या आधीपासून तुरळक येत असतील आणि नंतर आठवडाभर येतच राहिले असतील, तर पाण्याकडे. शेवटी तुलना. पंगतीला न गेलेले, पण त्याच नळाचे पाणी पिणारे लोक शोधायचे. शेतवस्तीवरून फक्त पंगतीला आलेले, स्वतःच्या बोअरचे पाणी पिणारे लोकही शोधायचे. पहिल्या गटात आजार जास्त की दुसऱ्या गटात, यावर अर्धा निकाल लागतो. वस्तीवरचे पाहुणे पंगतीत नळाचे पाणीही प्यायले असतील, हे मात्र विचारायला विसरायचे नाही.

निष्कर्ष कसा लिहायचा?

उपायांसाठी निष्कर्षाची वाट पाहायची नसते. पाणी उकळून प्या, फुटलेली वाहिनी बंद करून टँकर द्या, क्लोरिन वाढवा, ओआरएस वाटा, हे संशयावरच सुरू करतात. दोष ठरवणे मात्र पुराव्यावर होते आणि तिथे शब्द जपून वापरावे लागतात.

नुसता आलेख आणि नकाशा पाण्याकडे बोट दाखवत असेल, तर ‘पाण्यातून प्रसार झाल्याची शक्यता’ एवढेच लिहायचे. पाणी पिणाऱ्यांत आणि न पिणाऱ्यांत स्पष्ट फरक दिसला, तर ‘संबंध आढळला’. रुग्णांत आणि पाण्यात एकच जिवाणू, त्याच जातीचा, सापडला, तर आणखी ठाम लिहिता येते. यातली पायरी गाळून ‘दूषित प्रसादामुळे साथ’ असे लिहिले आणि कारण निघाले पाइपलाइन, तर प्रसाद रांधणाऱ्या माणसांच्या नावाला गावात कायमचा बट्टा लागतो. फुटलेली पाइपलाइन तशीच राहते आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच वस्तीत पुन्हा जुलाब सुरू होतात.